दाव्याच्या कागदांवर पान क्रमांक: शिक्का कधी मारावा, कसा मारावा

वारसाहक्काचा दावा म्हटला की कागद जमतातच. मरहूम वालिदांचा मृत्यू दाखला, निकाहनामा, सातबारा, फेरफार, खरेदीखत, पासबुकाच्या झेरॉक्स. बघता बघता चारशे पानांचा गठ्ठा होतो. वकील साहेब म्हणतात, "नंबर टाकून आणा." हे काम पोराटोरांचं समजून आपण सोडून देतो, आणि नेमकं तिथेच अडतं. म्हणून पान क्रमांकाची पद्धत एका उदाहरणातून समजावून घेऊ.

उदाहरण असं. वालिदांच्या जमिनीत आपला हिस्सा मागणारी एक बहीण दिवाणी न्यायालयात दावा टाकते. एक भाऊ जमीन विकायच्या बेतात आहे, म्हणून तातडीने मनाई हुकूमही हवा आहे. कागद तिघांनी गोळा केले. तिने स्वतः निकाहनामा आणि दाखले आणले, धाकट्या भावाने तलाठी कार्यालयातून सातबारा-फेरफार काढले, मामूंनी बँकेचे कागद दिले. प्रत्येकाने आपापल्या गठ्ठ्यावर पेनाने १, २, ३ लिहून ठेवलं होतं. म्हणजे एकाच दाव्यात "पान १२" तीन. सुनावणीत वकिलांनी पान १२ दाखवलं तेव्हा न्यायाधीशांसमोर फेरफार होता आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या हातात पासबुक. मनाई हुकमाच्या अर्जावर बोलायचं राहिलं, क्रमांक नीट करून आणा म्हणून पुढची तारीख पडली. जमीन विकली जायची भीती असताना एक तारीख वाया जाणं काय असतं, ते कोर्टाच्या फेऱ्या मारलेल्यांना विचारा.

पान क्रमांकाचं काम एवढंच: एका पानाला एकच क्रमांक, आणि तो कोर्टाच्या, विरुद्ध बाजूच्या व आपल्या प्रतीत तोच. अमेरिकेत १८९०च्या दशकात एडविन बेट्स यांनी दर दाबाला आकडा आपोआप एकने वाढवणारं हाताचं यंत्र आणलं. तिथले वकील आजही याला बेट्स नंबर म्हणतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात ते "नंबरिंग मशीन" म्हणून मिळतं.

आता मुख्य गोष्ट. शिक्का सगळ्यात शेवटी मारायचा. आधी कागद पूर्ण जमवा, क्रम वकिलांकडून पक्का करून घ्या, आणि आता काही वाढणार नाही अशी खात्री झाली की मगच. आमच्या पाहण्यात बहुतेक घोळ घाईने आधी नंबर टाकल्यामुळे झालेत.

क्रम लावताना उर्दू कागदांकडे नीट बघा. जुना निकाहनामा किंवा उर्दू दस्त वही उघडल्यासारखा उजवीकडून सुरू होतो. स्कॅन करणारा मुलगा सवयीने डावीकडचं पान आधी घेतो आणि क्रम उलटा होतो. आपल्या उदाहरणात निकाहनाम्याची दोन पानं आणि लगेच मागे त्याचं मराठी भाषांतर, तेही दोन पानांचं, असं लावलं. भाषांतर वेगळ्या गठ्ठ्यात टाकू नका. मोडी कागदालाही हाच नियम.

शेवटी गठ्ठा असा झाला: दावाअर्ज १ ते १८, प्रतिज्ञापत्र १९-२०, दस्तऐवज यादी २१ ते २३, मृत्यू दाखला २४, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र २५ ते २७, निकाहनामा व भाषांतर २८ ते ३१, सातबारा ३२ ते ११८, फेरफार ११९ ते १७१, खरेदीखत १७२ ते २०३, बँकेचे कागद २०४ ते ४१२. अनुक्रमणिकेची तीन पानं मात्र या मोजणीत घेतली नाहीत, त्यांना अ, ब, क दिलं. कारण साधं आहे. अनुक्रमणिका शिक्के मारून झाल्यावरच लिहिता येते. तिलाच पान १ दिलं आणि ती एका पानाने वाढली तर मागचं सगळं सरकतं.

शिक्का मूळ कागदावर मारू नका, हे जपा. मूळ खरेदीखत प्लास्टिकच्या पिशवीतच राहू द्या. शिक्का झेरॉक्सच्या एका संचावर मारायचा आणि त्या शिक्के मारलेल्या संचावरूनच बाकीच्या प्रती काढायच्या, म्हणजे आकडे वेगळे पडायचा प्रश्न येत नाही. मूळ कागदच दाखल करायचा असेल तर वकिलांना विचारून कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहावा. पेनाचे जुने आकडे एका रेघेने काटा. व्हाइटनर लावू नका, तलाठ्याच्या नकलेवर पांढरा डाग दिसला की नसती शंका निघते.

जागा आपल्याकडे बहुधा वरचा उजवा कोपरा, कारण शिवण डावीकडे असते. तिथे तलाठ्याचा शिक्का किंवा सही असेल तर आकडा थोडा सरकवा, पण मजकूर झाकू नका. मागच्या बाजूला मजकूर असेल तर ती बाजूही एक पान.

पीडीएफवर करायचं असेल तर Acrobat च्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत Bates Numbering नावाची सोय आहे. अनेक फाइली एका क्रमाने लावून ती सलग आकडे टाकते. त्याआधी सगळी पानं ए-४ मापाची करून घ्या. मोबाइलवर काढलेले फोटो लहानमोठे असतात, मग एका पानावर आकडा मुंगीएवढा आणि दुसऱ्यावर अर्ध्या ओळीएवढा येतो. आकडे नसलेली प्रत वेगळी जपून ठेवा.

तपासणी सोपी आहे. शेवटच्या पानावर ४१२ आहे आणि अनुक्रमणिकेची ३, तर पीडीएफमध्ये ४१५ पानं हवीत. ४१४ निघाली, तर मधोमध जा: पीडीएफचं २०९वं पान उघडा, तिथे शिक्का २०६ हवा. तोच असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. असं अर्धं-अर्धं करत गेलं की सात-आठ वेळात चिकटून राहिलेलं पान सापडतं. हाताच्या यंत्रात अर्धवट दाब पडला की आकडा एकतर उमटत नाही किंवा उडी मारतो, त्यामुळे तिथे प्रत्येक पान उलटून पाहणं आलंच.

एवढं करूनही या कुटुंबाचं एक पान राहिलंच. एका फेरफाराच्या मागच्या बाजूला मंडळ अधिकाऱ्यांचा शेरा होता आणि झेरॉक्स फक्त पुढची निघाली होती. शेरा नसलेला फेरफार अर्धाच. तोवर शिक्के मारून प्रती निघाल्या होत्या. धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, परत पहिल्यापासून टाकू या." वकिलांनी अडवलं. १४१ नंतर ते पान १४१-अ म्हणून घातलं, अनुक्रमणिकेत तशी नोंद केली, तिन्ही संचांत एकाच वेळी. पीडीएफची पानं ४१६ झाली, पण दावाअर्जात जिथे जिथे "पान १७२ पाहा" लिहिलं होतं ते सगळं जागेवर राहिलं. नव्याने आकडे टाकले असते तर तो प्रत्येक उल्लेख शोधून बदलावा लागला असता.

पान क्रमांक आणि निशाणी क्रमांक यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. निशाणी कोर्ट देतं, कागद दाखल आणि पुराव्यात वाचला गेल्यावर. आपला आकडा फक्त शोधायला आहे. पुढे अपील झालं तर त्याचं पेपरबुक नव्याने होतं आणि पानावर दुसरा आकडा पडतो. तेव्हा "दाव्यातील पान १४१-अ" की "अपिलातील पान" हे प्रत्येक वेळी लिहावं लागतं.