जमा कुणाची, नावे कुणाचे? हळदीच्या आडतीवरून द्विनोंदी पद्धतीची ओळख

हिशेब लिहायला नव्याने बसणारा माणूस पहिल्याच पानावर अडखळतो. आपण बँकेत पैसे भरतो तेव्हा पासबुकात ‘जमा’ लागते. वर्गात मात्र शिकवतात की रोकड आली की रोकड खाते ‘नावे’ करा. पैसे आलेले, मग एकीकडे जमा आणि दुसरीकडे नावे, हे कसं?

उत्तर एका प्रश्नात आहे: वही कुणाची, आणि खातं कुणाचं? पासबुक आपल्या हातात असलं तरी ती बँकेच्या वहीची नक्कल असते. बँकेच्या वहीत आपण ‘देणारे’ आहोत, बँक आपली देणेकरी झाली, म्हणून आपल्या खात्यावर जमा. त्याच क्षणी बँकेच्या रोकड खात्यावर तेवढीच रक्कम नावे पडते. एका व्यवहाराच्या अशा दोन नोंदी होतात म्हणून ही द्विनोंदी पद्धत.

युरोपात ती छापील पुस्तकात आली १४९४ साली, व्हेनिसमध्ये, लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूच्या गणितग्रंथात. त्याने ती शोधून काढली नाही. व्हेनिसचे व्यापारी आधीपासून जे करत होते ते त्याने मांडून दाखवलं. आपल्याकडे लाल कापडी बांधणीच्या वहीत रोजकीर्द आणि खतावणी चालायची. कागदाला रेघा नसत, घड्या घालून रकाने पाडत. आपल्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी वहीत नेमकं उलटं, डावीकडे डेबिट म्हणजे नावे. जुन्या दुकानात शिकून कॉलेजात गेलेल्या मुलाचा गोंधळ व्हायचा तो इथे. बाजू बदलली तरी अर्थ बदलत नाही, एवढं धरून ठेवा.

आता नियम. माणसाचं खातं असेल तर घेणारा नावे, देणारा जमा. वस्तूचं असेल, आणि रोकड ही वस्तूच, तर येते ते नावे, जाते ते जमा. खर्च-उत्पन्नाचं असेल तर खर्च नावे, उत्पन्न जमा. किराणावाल्याने उधारीवर २०० रुपयांचं तेल दिलं, तर त्याच्या वहीत आपण घेणारे, म्हणून आपण नावे. विक्री हे त्याचं उत्पन्न, म्हणून विक्री जमा. ‘माझ्या नावे टाका’ असं आपण दुकानात म्हणतो ना, तो हाच नियम.

पण हे सगळं हिंगोली जिल्ह्यात बसून शिकायचं तर हळदीशिवाय कशाला? वसमत आणि हिंगोलीचे हळद बाजार आपल्याला माहीत आहेत. हळद जूनच्या सुमारास लागते आणि शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात यायला मार्च-एप्रिल उजाडतो. पेरणीला पैसा लागतो आज, माल विकतो नऊ-दहा महिन्यांनी. मधल्या काळाला बांधणारा धागा म्हणजे आडत्याची उचल. म्हणून इथे वही ही शोभेची वस्तू नाही.

समजा, एका आडत्याने १,००,००० रुपये घालून दुकान मांडलं. रोकड नावे १,००,०००, भांडवल जमा १,००,०००. भांडवल जमा का? कारण दुकान वेगळं आणि मालक वेगळा. मालक दुकानाला देणारा झाला. जूनमध्ये एका शेतकऱ्याने बेण्यासाठी ४०,००० उचलले. तो घेणारा, म्हणून शेतकरी नावे ४०,०००. रोकड गेली, म्हणून रोकड जमा ४०,०००. एप्रिलमध्ये त्याची १० क्विंटल हळद १२,००० च्या भावाने गेली, म्हणजे १,२०,०००. आडत आपण सोपेपणासाठी बाजूला ठेवू. हमाली-तोलाईचे १,००० धरू. माल खरेदीदाराने नेला, तो नावे १,२०,०००. माल देणारा शेतकरी जमा १,१९,०००, आणि हमाली-तोलाई खाते जमा १,०००, कारण ते पैसे अजून हमालांना द्यायचे आहेत.

त्या संध्याकाळी तेरीज काढू. नावे बाजूला रोकड ६०,००० आणि खरेदीदार १,२०,०००, एकूण १,८०,०००. जमा बाजूला भांडवल १,००,०००, शेतकरी १,१९,००० वजा ४०,००० म्हणजे ७९,०००, आणि हमाली १,०००. एकूण १,८०,०००. जुळली.

आता जरा थांबून ही तेरीज वाचा. शेतकऱ्याचं देणं ७९,००० आहे आणि गल्ल्यात ६०,००० आहेत. खरेदीदाराकडून पैसे आल्याशिवाय पट्टी पूर्ण चुकती होणार नाही. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य बाजारात ऐकू येतं ते बहुधा अशा तेरजेतून. नुसत्या गल्ल्याच्या हिशेबात हे दिसलं नसतं. तिथे फक्त ६०,००० दिसले असते आणि दुकान ठीक चाललंय असं वाटलं असतं.

तेरीज जुळली नाही तर? एकनाथांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक शोधत रात्र काढली, आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी एवढं का? कारण फरक एका पैचा असला तरी चूक एका पैचीच असेल असं नाही. दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना जवळपास खाऊन टाकलेलं असू शकतं. शोधायच्या खुणा मात्र आहेत. शेतकऱ्याची ४०,००० ची उचल नावेऐवजी जमेकडे खतावली, तर फरक ८०,००० येतो, रकमेच्या दुप्पट. म्हणून फरकाचा निम्मा आकडा वहीत शोधायचा. ७९,००० च्या जागी ९७,००० लिहिलं तर फरक १८,०००. शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला ९ ने नेहमी भाग जातो.

पण जुळलेली तेरीज खरी असते असं समजू नका. उचल ४०,००० ची असताना शेतकरी नावे ६०,००० आणि रोकड जमा ६०,००० लिहिलं, तर तेरीज तंतोतंत जुळते. गल्ला मोजला तर २०,००० जास्त निघतील. ते कुणी खिशात घातले की तेही नाही. एकाच आडनावाच्या दोन शेतकऱ्यांपैकी दुसऱ्याच्या खात्यावर रक्कम चढली, तरी तेरीज गप्प बसते. दोन नोंदी एकाच हातच्या असल्या की दोन्हींत एकच खोटं मावतं.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली, तिच्यामागे हेच होतं: हिशेब होता, पण एकाच बाजूकडे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जदाराला लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात, तिथे तो लागू नव्हता.

म्हणून शेतकऱ्याच्या घरातली साधी वही इथे कामाची. तीत सगळं आरशासारखं उलटं येतं. आडत्याच्या वहीत शेतकरी नावे ४०,०००, तर शेतकऱ्याच्या वहीत देणारा आडत्या, म्हणून आडत्या जमा ४०,००० आणि रोकड नावे ४०,०००. एप्रिलमध्ये हळद गेली की विक्री जमा १,२०,०००, हमाली-तोलाईचा खर्च नावे १,०००, आणि आडत्या नावे १,१९,०००. बाकी निघते आडत्या नावे ७९,०००. पट्टी हातात घेताना हा आकडा पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा, आणि फरक आला तर आधी जूनच्या उचलीची तारीख नि रक्कम विचारायची.