हवेतून येणाऱ्या दुरुस्तीची कुळकथा

मोटारीतला प्रोग्राम बदलायचा, तर एकेकाळी स्क्रूड्रायव्हर लागायचा. १९८१ साली जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांत इंजिन सांभाळणारा छोटा संगणक बसवला. कोणत्या वेगाला किती इंधन, ठिणगी केव्हा, याचे आकडे एका सुट्या चिपमध्ये असत. ही चिप कारखान्यात एकदाच लिहिली जाई. आकडे चुकले, तर मेकॅनिक डबा उघडून जुनी चिप काढी आणि नवी खोचून देई.

हा खटाटोप संपवला फ्लॅश मेमरीने. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. ती विजेनेच पुसता येते, जागेवरून न हलवता पुन्हा लिहिता येते आणि वीज गेली तरी लिहिलेले विसरत नाही. नव्वदच्या दशकात ती गाड्यांत आली, तेव्हा चिप उपटायची गरज उरली नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावून गॅरेजमधूनच नवा प्रोग्राम भरता येऊ लागला. गाडी मात्र गॅरेजपर्यंत न्यावीच लागे.

ती केबल तोडली टेस्लाने. २०१२ साली विकायला आलेल्या ‘मॉडेल एस’ला मोबाइल नेटवर्क होते, आणि त्याच वर्षी मालकांच्या दारात उभ्या गाड्यांना नवे सॉफ्टवेअर मिळू लागले. जानेवारी २०१४ मध्ये या पद्धतीची खरी कसोटी लागली. घरच्या चार्जिंगचा अ‍ॅडाप्टर तापून आग लागण्याची भीती होती आणि रिकॉल होता २९,२२२ गाड्यांचा. कंपनीने हवेतून अपडेट पाठवले. येणाऱ्या विजेत अनपेक्षित चढउतार दिसले, की गाडी चार्जिंगचा प्रवाह आपणहून २५ टक्क्यांनी कमी करू लागली. पण कंपनीने सोबत आतून थर्मल फ्यूज असलेले नवे अ‍ॅडाप्टरही पाठवले. फ्यूज हवेतून पाठवता येत नाही.

असे अपडेट गाडीत उतरते कसे? मोठ्या संगणकाच्या मेमरीत सहसा दोन कप्पे असतात. गाडी एका कप्प्यातल्या प्रोग्रामवर चालत असताना नवा प्रोग्राम दुसऱ्यात उतरत राहतो. मग त्याची डिजिटल सही तपासली जाते. फाइल कंपनीचीच आहे आणि वाटेत बिघडलेली नाही, याची खात्री पटली, की गाडी उभी असताना संगणक पुन्हा सुरू होतो आणि दुसऱ्या कप्प्यातून चालू लागतो. तो नीट उठला नाही, तर जुना कप्पा शाबूत असतोच.

ब्रेक, एअरबॅग, खिडक्या सांभाळणाऱ्या लहान युनिटांत मात्र अनेकदा एकच कप्पा असतो. तिथे जुने पुसल्याशिवाय नवे लिहिता येत नाही. मध्येच १२ व्होल्टची बॅटरी बसली, तर युनिटात ना जुना प्रोग्राम राहतो ना नवा. उरतो तो बूटलोडर, म्हणजे फक्त नवीन प्रोग्राम घेण्यापुरता जागा राहणारा छोटा कोड. तोही बिघडला, तर युनिटच बदलावे लागते. म्हणून गाडी आधी बॅटरी तपासते आणि चार्ज कमी असेल, तर अपडेट नाकारते. वर्कशॉपमध्ये अशा कामासाठी बाहेरून स्थिर वीजपुरवठा जोडतात. फोक्सवॅगनच्या सुरुवातीच्या आयडी गाड्यांना तर पुढची अपडेट्स हवेतून घेता यावीत, म्हणूनच आधी वर्कशॉपमध्ये बोलवावे लागले. त्यांतल्या काहींची १२ व्होल्टची बॅटरीही बदलून मोठी बसवली.

वर्कशॉप का सुटत नाही, याचे सगळ्यात बोलके उदाहरण पुन्हा टेस्लाचेच आहे. फ्लॅश मेमरी झिजते. तिचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या मधल्या स्क्रीनच्या संगणकाला ८ जीबीची फ्लॅश चिप होती आणि तिची मर्यादा होती सुमारे ३,००० फेऱ्या. संगणक रोजच्या नोंदी त्याच चिपवर लिहीत राहिला. साधारण पाच-सहा वर्षांनी तिच्यात लिहायला जागा उरेना. मग स्क्रीन काळी पडे, रिव्हर्स कॅमेरा दिसेनासा होई, काचेवरचे धुके घालवण्याची सोय हातची जाई.

कंपनीने आधी हवेतूनच उपाय केले. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये ते अपुरे ठरवले आणि फेब्रुवारीत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. या वेळी ६४ जीबीची चिप असलेले नवे कार्ड सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊनच बसवावे लागले. अपडेट जिथे लिहायचे, ती जागाच संपली होती.

त्यामुळे रिकॉलचे पत्र आले, की दोष कुठे आहे यापेक्षा उपाय काय लिहिला आहे, ते आधी वाचावे. हिशेब किंवा वागणूक बदलायची असेल, तर काम दारातच होते. भाग बदलायचा असेल, किंवा लिहिताना वीज तुटून युनिट गप्प झाले असेल, तर गाडी वर्कशॉपला नेण्यावाचून पर्याय नाही.