इथरनेट केबल : जिनिंग कारखान्यातील जोडणी व चाचणी

इथरनेट केबल म्हणजे संगणक, पीएलसी, वजनकाटा, कॅमेरे यांच्यात माहिती वाहून नेणारी तारांच्या चार पीळदार जोड्यांची केबल. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड हे कापूसपट्ट्यातले गाव. या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत रोलर जिनच्या मोटारींची रांग, प्रेसचे हायड्रॉलिक पंप आणि मोटारींचा वेग बदलणारे व्हीएफडी ड्राइव्ह जवळजवळ असतात. विजेच्या अशा गोंगाटात कार्यालयासाठी आखलेली जोडणी कमी पडते.

केबलचे प्रकार. जोडीतल्या दोन तारांवर एकच संकेत परस्परविरुद्ध ध्रुवतेने जातो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि स्वीकारणारे उपकरण दोघींतला फरकच वाचत असल्याने तो वजा होतो. पीळ जितका नेमका, तितके हे संरक्षण चांगले. कॅट-५ई केबल १०० मेगाहर्ट्झपर्यंत, तर कॅट-६ केबल २५० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते. एक गिगाबिटला दोन्ही चालतात. ड्राइव्हजवळ मात्र फॉइल किंवा जाळीचे कवच असलेली शील्ड केबल घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो आणि ती मानकात बसत नाही.

मोटारीच्या वायरिंगपासून ही केबल निदान २० ते ३० सेंटिमीटर दूर, वेगळ्या ट्रेमधून न्यावी. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडावी.

कनेक्टर. कार्यालयात आणि बंद पॅनेलमध्ये आरजे-४५ पुरतो. जिन हॉलमध्ये रुईचे तंतू व धूळ त्याच्या उघड्या संपर्कपट्ट्यांवर बसतात आणि मशीनच्या हादऱ्याने पकड ढिली होते. तिथे आटे फिरवून बसणारा गोल एम-१२ वापरतात : १०० मेगाबिटला चार पिनांचा डी-कोड, गिगाबिटला आठ पिनांचा एक्स-कोड. शील्ड केबलला धातूच्या कवचाचाच कनेक्टर हवा. नाहीतर कवच मध्येच तुटते.

लांबीची मर्यादा. तांब्याच्या जोडणीची कमाल लांबी १०० मीटर : ९० मीटर कायम बसवलेली केबल आणि दोन्ही टोकांचे मिळून १० मीटर पॅच कॉर्ड. हा हिशेब २० अंश सेल्सिअसचा आहे. साध्या केबलमधला संकेताचा ऱ्हास ४० अंशांपर्यंत दर अंशाला ०.४ टक्के आणि त्यापुढे ०.६ टक्के वाढतो. पत्र्याखाली केबल ६० अंशांवर गेली, तर वाढ ८ अधिक १२, म्हणजे २० टक्के होते आणि ९० मीटरचे ७५ मीटर उरतात. शील्ड केबलमध्ये ही वाढ दर अंशाला ०.२ टक्के असल्याने सुमारे ८३ मीटर मिळतात.

समजा, पॅनेलपासून हॉलच्या टोकाच्या ड्राइव्हपर्यंत कैचीवरून ८० मीटर केबल जाते. कागदावर ती ९० मीटरच्या आत आहे. पण पत्र्याखालच्या उन्हात साधी केबल मर्यादेबाहेर जाते, शील्ड केबल बसते. गेटजवळच्या वजनकाट्यापासून प्रेस हॉल १२० मीटरवर असेल, तर तांबे सोडून फायबरच टाकावे. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असला की शील्डमधून प्रवाह वाहू लागतो. काचेच्या धाग्यातून तो वाहत नाही, आणि जवळ वीज पडली तरी दाब त्या वाटेने उपकरणात शिरत नाही.

चाचणी. दिव्यांचा स्वस्त टेस्टर तार सलग आहे एवढेच सांगतो. पिन ३ व ६ वर एकाच जोडीच्या दोन तारा हव्यात. कुणी रंग न पाहता ३-४ आणि ५-६ अशा जोड्या लावल्या, तर दोन्ही टोकांना सारखीच चूक झाल्याने आठही दिवे क्रमाने लागतात. पण पिळाचा फायदा जातो आणि जोड्यांमध्ये संकेतांची गळती होते. ही चूक सर्टिफायर नावाचे मोजणीयंत्र पकडते. लांबी, ऱ्हास आणि जोड्यांतील गळती तेच मोजते.

त्यानंतर चालू कारखान्यात तपासणी करावी. आधी मोटारी बंद ठेवून, मग सगळ्या चालवून पूर्ण आकाराची पाकिटे पाठवावीत :

```
ping -s 1472 -i 0.2 192.168.1.20
```

सोबत स्विचच्या त्या पोर्टवरचा CRC त्रुटींचा आकडा दोन्ही वेळा टिपावा. ड्राइव्ह सुरू होताच आकडा चढू लागला, तर दोष गोंगाटाचा : केबलची वाट, शील्ड आणि अर्थिंग पाहावे. फक्त दुपारी चढला, तर लांबी व उष्णतेचा हिशेब पुन्हा करावा. केबल हलवताच चढला, तर कनेक्टर बदलावा. मोटारी बंद असतानाही चढत राहिला, तर जोड्यांचा क्रम आणि दोन्ही टोकांचे डुप्लेक्स जुळते का, हे तपासावे.