माजी कर्मचाऱ्याचे संदर्भपत्र : सत्य किती आणि कसे लिहावे?

नवी दिल्ली : नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याबद्दल नवा नियोक्ता विचारणा करतो, तेव्हा जुन्या कार्यालयातील अधिकाऱ्यासमोर दोन भीती उभ्या राहतात. खरे लिहावे तर बदनामीचा खटला होईल आणि गोड लिहावे तर पुढे काही घडल्यास बोट आपल्याकडे दाखवले जाईल. प्रत्यक्षात कायद्याचा रोख सत्यावर नसून निष्काळजी विधानावर आणि अर्धसत्यावर असतो. संदर्भपत्र लिहिताना हा फरक कसा सांभाळावा, याची ही माहिती.

तीन वेगळे कागद

अनुभव प्रमाणपत्र, कार्यमुक्ती पत्र आणि संदर्भपत्र यांची बहुतेक कार्यालयांत गल्लत होते. अनुभव प्रमाणपत्रात सेवेचा कालावधी व पद नमूद असते. राजीनामा स्वीकारून कर्मचाऱ्याला कोणत्या तारखेपासून मोकळे केले, हे कार्यमुक्ती पत्र सांगते. हे दोन्ही कागद नोंदीवरून तयार होतात आणि त्यांत मतप्रदर्शनाला जागा नसते. संदर्भपत्रात मात्र लिहिणाऱ्याचे मत येते आणि जोखीमही तेथेच सुरू होते. सेवेचा दाखला देण्याचे बंधन नियमांतून किंवा नियुक्तीच्या अटींतून येऊ शकते. गुणवर्णनपर शिफारस करण्याचे तसे सर्वसाधारण बंधन खासगी नियोक्त्यावर नाही. त्यामुळे मत देण्यास नम्रपणे नकार देणे हाही वैध पर्याय आहे.

केवळ खरे असणे पुरेसे नाही

भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ बदनामीविषयी आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० मध्ये होती. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही शिक्षा किंवा सामुदायिक सेवा होऊ शकते. दिवाणी दाव्यात विधान खरे असल्याचे सिद्ध झाले की बचाव पूर्ण होतो. फौजदारी प्रकरणात मात्र सत्याच्या बचावासाठी ते विधान सार्वजनिक हितासाठी केले होते, हेही दाखवावे लागते.

संदर्भपत्र लिहिणाऱ्याला अधिक उपयोगी पडतो तो नववा अपवाद. स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक हिताच्या रक्षणासाठी सद्भावपूर्वक केलेले विधान त्यात संरक्षित आहे. नव्या नियोक्त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या चौकटीत बसू शकते. परंतु कायद्याच्या भाषेत ‘सद्भाव’ म्हणजे निव्वळ मनाचा चांगुलपणा नव्हे. योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावपूर्वक केली असे मानले जात नाही. शिवाय आपण अपवादात बसतो, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच असतो. मला तसे मनापासून वाटत होते, एवढे उत्तर म्हणूनच अपुरे पडते.

‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ या १९९४ च्या निकालात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हाच धागा पुढे नेला. विमा विक्रीच्या क्षेत्रातील एका माजी कर्मचाऱ्याच्या सचोटीवर संदर्भपत्रात गंभीर ठपका ठेवण्यात आला होता. पत्रामागे द्वेषबुद्धी नव्हती, पण माहितीची पडताळणी निष्काळजीपणे झाली होती. द्वेषबुद्धी नसल्याने बदनामीचा मार्ग बंद असला, तरी संदर्भ देणाऱ्या नियोक्त्याने माजी कर्मचाऱ्याप्रती वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असे बहुमताने ठरले. हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. मात्र युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो.

स्तुतीचीही जबाबदारी असते

दुसरी बाजू कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘रँडी डब्ल्यू. विरुद्ध म्यूरॉक’ प्रकरणात मांडली. एका शाळा-अधिकाऱ्याविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी झाल्या असतानाही त्याच्या पूर्वीच्या नियोक्त्यांनी त्याची निःसंकोच शिफारस केल्याचा आरोप होता. नव्या शाळेत एका विद्यार्थिनीने त्याच्याविरुद्ध अत्याचाराची तक्रार केली. मौन बाळगले म्हणून नव्हे, तर दिशाभूल करणारी शिफारस केली म्हणून पत्र देणाऱ्यांविरुद्ध दावा चालू शकतो, असे न्यायालयाने सांगितले. शारीरिक इजेचा ठळक धोका असलेल्या प्रसंगांपुरता हा निर्णय मर्यादित आहे. त्याने दाखवलेले दोन सुरक्षित मार्ग मात्र सर्वत्र उपयोगी आहेत : सर्व संबंधित तथ्ये सांगणारे पत्र द्यावे, किंवा गुणवर्णन टाळून केवळ सेवेची मूलभूत माहिती द्यावी. धोका या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

एक उदाहरण

समजा, एका वितरण कंपनीतील रोखपालाने जून २०१८ ते मार्च २०२४ अशी सेवा केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अचानक झालेल्या तपासणीत तिजोरीत १८,४०० रुपये कमी आढळले. तिजोरीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. रोखपालाकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्याने जबाबदारी नाकारली. चौकशी अधिकारी नेमला जाण्यापूर्वीच त्याने राजीनामा दिला. कंपनीने तो विनाअट स्वीकारला आणि संपूर्ण देणी चुकती केली. सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरातील एका पतसंस्थेने पत्र पाठवून विचारले : ही व्यक्ती रोखीच्या कामासाठी विश्वासार्ह आहे काय? पैसे त्यानेच घेतले, अशी शाखा व्यवस्थापकाची खात्री आहे.

व्यवस्थापकाच्या मनात येणारा पहिला मसुदा असा : ‘रोख रकमेच्या अपहारामुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला.’ या एका वाक्यात तीन चुका आहेत. अपहार सिद्ध झालेला नाही. राजीनामा ‘द्यावा लागला’ असे म्हणणे कंपनीच्या स्वतःच्या स्वीकृतिपत्राशी विसंगत आहे. आणि किल्ल्या तिघांकडे होत्या, ही कर्मचाऱ्याच्या बाजूची वस्तुस्थिती वगळली आहे. खटला झाला तर फिर्यादीचा वकील कंपनीचीच कागदपत्रे पुढे ठेवील.

दुसरा मसुदा दयेपोटी लिहिला जातो : ‘अत्यंत प्रामाणिक, रोखीच्या व्यवहारांसाठी आम्ही त्यांची निःसंकोच शिफारस करतो.’ लिहिणाऱ्याचा स्वतःचाच यावर विश्वास नाही. उद्या पतसंस्थेत तूट आली, तर फेब्रुवारीतील तपासणीचा अहवाल आणि हे पत्र एकमेकांशेजारी ठेवले जातील. ‘सेवाकाळात कोणतीही तक्रार नव्हती’ हे सौम्य वाटणारे वाक्यही असत्यच आहे.

तिसरा मसुदा सर्वांत फसवा असतो. वार्षिक मूल्यमापनात ‘रोख नोंदी नीटनेटक्या’ असा शेरा खरोखर असतो आणि व्यवस्थापक तेवढाच उतरवून घेतो. वाक्य खरे आहे. पण रोख हाताळणीविषयी एकदा बोलायचे ठरवल्यावर तुटीबद्दल गप्प राहिल्याने संपूर्ण चित्र खोटे होते.

सुरक्षित पत्र साधे असते :

‘श्री. ... यांनी आमच्या आस्थापनेत ४ जून २०१८ ते ३० मार्च २०२४ या कालावधीत रोखपाल म्हणून पूर्णवेळ सेवा केली. दैनंदिन रोख जमा-खर्च नोंदवणे व बँकेत भरणा करणे ही त्यांची प्रमुख कामे होती. त्यांनी सादर केलेला राजीनामा स्वीकारण्यात आला. सर्व माजी कर्मचाऱ्यांबाबत केवळ सेवेची माहिती देण्याचे आमचे धोरण असून या पत्रातून अनुकूल किंवा प्रतिकूल असा कोणताही निष्कर्ष काढू नये. ही माहिती आपल्या पत्रास अनुसरून गोपनीय स्वरूपात दिली आहे.’

यातील धोरणाचे वाक्य तेव्हाच टिकते, जेव्हा धोरण खरोखर अस्तित्वात असते. इतर दहा जणांना भरभरून शिफारस आणि एकालाच कोरडे पत्र, असे झाले तर मौनच आरोप करू लागते. म्हणून असे धोरण आधी लेखी ठरवून सर्वांना सारखे लागू करणे आवश्यक आहे.

कंपनीला तुटीचा उल्लेख करणे आवश्यकच वाटले, तर तो पूर्ण करावा : तपासणीची तारीख, रक्कम, किल्ल्या किती जणांकडे होत्या, कर्मचाऱ्याने जबाबदारी नाकारली, चौकशी झाली नाही आणि कंपनीने कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. असे पत्र वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाठवू नये.

पत्रात न येणाऱ्या गोष्टी

लैंगिक छळाच्या तक्रारींचा विषय स्वतंत्र आहे. २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदारांची ओळख आणि चौकशीची कार्यवाही उघड करण्यास मनाई करते. त्यामुळे अशा प्रकरणाचा तपशील संदर्भपत्रात लिहू नये. पण त्याच व्यक्तीच्या वर्तनाची स्तुतीही करू नये. येथे केवळ सेवेची माहिती देणारे पत्र हाच मार्ग उरतो. आजारपण, प्रसूती रजा, संघटनेतील सहभाग आणि कौटुंबिक बाबी यांचा कामाच्या मूल्यमापनाशी संबंध नसल्याने त्याही वगळाव्यात.

दूरध्वनी आणि दप्तर

काळजीपूर्वक लिहिलेले पत्र अनेकदा दूरध्वनीवर निकामी होते. पडताळणी करणारी संस्था माजी वरिष्ठाला थेट फोन करते आणि ‘लेखी काही नको, पण...’ अशी सुरुवात होते. तोंडी विधानही बदनामीच्या व्याख्येत येते. ‘त्यांना पुन्हा कामावर घ्याल का?’ या नेहमीच्या प्रश्नाला नुसते हसून दिलेले उत्तरही पुढे पोहोचते. अशा वेळी सर्व विचारणा मनुष्यबळ विभागाकडे लेखी पाठवा, एवढेच सांगावे आणि विभागातील एकाच अधिकाऱ्याला उत्तराचा अधिकार असावा. उत्तर देण्यापूर्वी माजी कर्मचाऱ्याची लेखी संमती घेतलेली असणे उत्तम.

पत्राची प्रत, आलेली विचारणा आणि ज्या नोंदींवरून पत्र लिहिले त्या नोंदी एकत्र जतन कराव्यात. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत, मजकूर प्रसृत झाल्यापासून एक वर्ष आहे. फौजदारी तक्रारीची सर्वसाधारण मुदत तीन वर्षे. म्हणून किमान तीन वर्षे हे दप्तर ठेवणे हिताचे. तोपर्यंत पत्र लिहिणारा अधिकारीही नोकरी बदलून गेलेला असू शकतो. तेव्हा पत्रातील प्रत्येक वाक्यासमोर नोंदीचा एक कागद ठेवता येईल का, याचे उत्तर फाइलनेच द्यावे लागते.