सुरक्षा अपडेट राहिलेले संगणक शोधण्याची पद्धत

मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी विंडोज प्रणालीतील एक गंभीर त्रुटी दूर करणारे सुरक्षा अपडेट प्रसिद्ध केले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, 12 मे रोजी, त्याच त्रुटीचा फायदा घेत ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. उपाय आधीच उपलब्ध होता, मात्र तो असंख्य संगणकांपर्यंत पोहोचला नव्हता.

असे संगणक वेळीच सापडावेत, यासाठी प्रथम सर्व संगणकांची नोंदवही तयार केली जाते. तीत प्रत्येक संगणकाचे नाव, विभाग आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद असते. त्यानंतर प्रत्येक संगणक ठरलेल्या वेळी स्वतःची तपासणी करून निष्कर्ष मध्यवर्ती संगणकाकडे पाठवतो. उबुंटू प्रणालीत त्यासाठी पुढील आज्ञा पुरेशा ठरतात:

```
apt-get update
apt-get -s dist-upgrade | grep '^Inst' | grep -i security
```

पहिली आज्ञा उपलब्ध अपडेटची यादी ताजी करते. दुसरी आज्ञा काहीही न बदलता, प्रलंबित सुरक्षा अपडेटची केवळ नावे दाखवते. नेटवर्कच्या अडथळ्यामुळे यादी ताजी झाली नाही, तर जुन्याच यादीवरून तपासणी होते आणि उत्तर कोरे येऊ शकते. त्यामुळे यादी शेवटची कधी ताजी झाली, ही वेळही अहवालासोबत पाठवणे आवश्यक असते. अपडेट बसवूनही संगणक पुन्हा सुरू करणे बाकी असल्यास `/var/run/reboot-required` ही फाइल आढळते. कर्नलचे अपडेट पुन्हा सुरू केल्याशिवाय सहसा लागू होत नसल्याने अशा संगणकांची गणना प्रलंबितांमध्येच करावी लागते.

एखाद्या कार्यालयात 40 संगणक आहेत, असे समजू. लेखा विभागाच्या 12 पैकी 2 आणि प्रशासनाच्या 18 पैकी 5 संगणकांवर अपडेट बाकी आहेत. ग्रंथालयाच्या 10 पैकी एकाही संगणकाने प्रलंबित अपडेट कळवलेले नाही. वरवर पाहता ग्रंथालयाची स्थिती सर्वांत चांगली दिसते. तथापि नोंदवहीशी ताळा केल्यावर तेथील 4 संगणकांकडून अहवालच आला नसल्याचे स्पष्ट होते. तपासणी पहाटे अडीच वाजता होते आणि हे संगणक संध्याकाळीच बंद केले जातात.

म्हणूनच विभागनिहाय अहवालात ‘अद्ययावत’, ‘प्रलंबित’ आणि ‘अहवाल नाही’ असे तीन स्वतंत्र रकाने ठेवले जातात. ग्रंथालयाच्या जबाबदार व्यक्तीकडे त्या 4 संगणकांची नावे पाठवली जातात आणि त्यांच्या तपासणीची वेळ दुपारची ठरवली जाते. जबाबदार व्यक्तीची बदली झाल्यास तिच्या नावावरील संगणकांचा अहवाल विभागप्रमुखांकडे जातो.

नोंदवहीतच नसलेला संगणक मात्र या पद्धतीने सापडत नाही. त्यासाठी नेटवर्कवर प्रत्यक्ष आढळणारे संगणक नोंदवहीशी वेळोवेळी पडताळून पाहावे लागतात.