टॅक्सीभाडे, स्थानिक

टॅक्सीभाडे, स्थानिक : शहरात किंवा तालुक्याच्या गावी भाड्याने मिळणाऱ्या टॅक्सीचे भाडे ठरवण्याची रीत. ते तीन अंगांनी ठरते : अंतरानुसार किलोमीटरचा दर, गाडी थांबवून ठेवल्याबद्दल प्रतीक्षाभाडे (बोलीत ‘वेटिंग’) आणि रात्रीच्या वेळचा वाढीव आकार. महाराष्ट्रात या तिन्हींची सर्वांत तपशीलवार कागदोपत्री नोंद मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची आहे. लहान गावांतील दोन-चार गाड्यांच्या सेवा बहुधा मीटरविना चालतात, पण त्यांचा हिशेबही याच तीन अंगांचा असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६७ नुसार भाडे ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. मुंबईत प्रत्यक्ष दर मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते आणि जिल्ह्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरण.

किलोमीटरचा दर : मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये असा दर आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२२ पासून किमान भाडे २८ रुपये होते आणि दर १८.६६ रुपये. किमान भाडे हा वेगळा आकार आहे, अशी अनेक प्रवाशांची समजूत असते. तसे नाही. २०.६६ ला दीडने गुणले की ३०.९९ येतात आणि तेच ३१ केलेले असतात. म्हणजे मुळात ठरतो तो किलोमीटरचा दर आणि त्यातून किमान भाडे निघते. चारशे मीटर जाणाऱ्यालाही ते पूर्ण भरावे लागते, कारण गाडी वळवणे, प्रवासी घेणे आणि पुन्हा रांगेत लागणे यांत जाणारा वेळ त्याच्या आणि दीड किलोमीटर जाणाऱ्याच्या बाबतीत सारखाच असतो.

हा दर काढण्याची पद्धत मुंबईत दोन समित्यांनी घालून दिली, आधी हकीम समितीने आणि नंतर बी. सी. खटुआ समितीने. खटुआ समितीच्या शिफारशी शासनाने २०२० मध्ये स्वीकारल्या. गाडीची किंमत, कर्जावरील व्याज, विमा, कर, इंधन, देखभाल आणि चालकाचा चरितार्थ यांची वार्षिक बेरीज करायची आणि तिला भाडे मिळालेल्या किलोमीटरनी भागायचे, असे तिचे सूत्र थोडक्यात सांगता येते. दुपारच्या मंदीच्या वेळी आणि लांब पल्ल्याला भाड्यात सूट देण्याचीही समितीची सूचना होती. ती अमलात आली नाही.

लहान सेवेचा दर बहुतेक वेळा चुकतो तो या सूत्रातल्या ‘भाडे मिळालेल्या’ या शब्दांपाशी. उदाहरणादाखल तालुक्याच्या गावची एक गाडी घेऊ. हप्ता १४,००० रुपये, विमा-कर-तपासणी मिळून ५,००० आणि चालकाचा पगार १५,००० असा महिन्याचा उभा खर्च ३४,००० रुपये धरला. गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर धावते. डिझेल, टायर आणि देखभाल मिळून किलोमीटरला ८ रुपये, म्हणजे धावता खर्च २४,००० रुपये. एकूण ५८,००० झाले. ३,००० ने भागले तर दर सुमारे १९ रुपये येतो आणि मालकाला तो पुरेसा वाटतो. पण त्या ३,००० पैकी १,००० किलोमीटर गाडी रिकामी धावलेली असते : प्रवाशाला आणायला जाताना, सोडून परतताना, पंपावर जाताना. भाडे मिळते ते २,००० किलोमीटरचे. त्यांनी भागले की दर २९ रुपये येतो आणि त्यातही मालकाचा नफा अजून धरलेला नाही. १९ रुपयांनी धंदा केला तर महिन्याला सुमारे २०,००० रुपयांची तूट पडते. रोज हातात रोकड येत असल्याने ती लगेच जाणवत नाही. टायर बदलायची किंवा विम्याची वेळ येते, तेव्हा पैसे नसतात.

बाहेरगावच्या भाड्याचा दर किलोमीटरला याहून बराच कमी सांगितला जातो, म्हणून प्रवासी स्थानिक दराला ‘लूट’ म्हणतात. ही तुलना बरोबर नाही. बाहेरगावच्या भाड्यात गाडी घराबाहेर पडल्यापासून घरी येईपर्यंतचे अंतर मोजतात. परतीची रिकामी धाव तिथे उघडपणे प्रवाशाच्या हिशेबात येते, शिवाय दिवसाला ठरावीक किलोमीटरची अट असते आणि चालकाचा भत्ता वेगळा असतो. स्थानिक दरात तीच रिकामी धाव दराच्या पोटात असते.

प्रतीक्षाभाडे : भाड्याच्या तीन अंगांपैकी सर्वांत कमी समजले गेलेले आणि वादाला सर्वांत जास्त कारण ठरणारे अंग हेच. मुंबईच्या पद्धतीत प्रतीक्षेच्या दर मिनिटाला किलोमीटर-दराच्या १० टक्के आकारले जातात, म्हणजे आजच्या दराने मिनिटाला सुमारे दोन रुपये सात पैसे. तासाला हे भाडे सहा किलोमीटर धावण्याइतके, सुमारे १२४ रुपये होते.

या आकड्यावरून मीटरचे वागणे कळते. मीटर अंतर आणि वेळ दोन्ही मोजू शकतो, पण साधारणपणे एका वेळी भाडे एकाच मापाने वाढवतो. दोन्ही मापांनी भाडे सारखेच वाढेल असा वेग इथे ताशी सहा किलोमीटर येतो. गाडी त्याहून हळू चालली किंवा थांबली की वेळ मोजला जातो, त्याहून वेगाने चालली की अंतर. म्हणून सिग्नलला उभ्या टॅक्सीचा मीटर पुढे सरकला तर तो बिघडलेला नसतो.

दिवसाच्या वेळची एक फेरी पाहू. अंतर साडेसात किलोमीटर, वाटेत आठ मिनिटे थांबणे. पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये, उरलेल्या सहाचे १२३.९६ आणि प्रतीक्षेचे १६.५३. बेरीज १७१.४९, भाडे १७१ रुपये. थांबावे लागले नसते तर ते १५५ झाले असते. प्रवाशाच्या अंदाजातून सुटतात ते हे सोळा रुपये आणि भांडण बहुधा त्यांच्यावरूनच होते.

वरच्या तालुक्याच्या गाडीला प्रतीक्षेचा दर काय लावावा? ३४,००० रुपयांचा उभा खर्च महिन्याच्या २६ दिवसांवर आणि दिवसाच्या १० तासांवर वाटला तर तासाला सुमारे १३१ रुपये येतात. मुंबईच्या १२४ रुपयांच्या जवळच हा आकडा आहे. इंजिन बंद करून दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या दाराशी उभे राहण्यासाठी १० टक्क्यांचा दर म्हणूनच बऱ्यापैकी न्याय्य ठरतो. तो तोकडा पडतो तो कोंडीत. ताशी आठ किलोमीटरने रखडणारी टॅक्सी सहाच्या वर असल्याने तिला अंतराचेच भाडे मिळते, तासाला सुमारे १६५ रुपये. त्यातून उभा खर्च आणि इंधन दोन्ही भागवावे लागते आणि क्लच-ब्रेकची झीज वेगळीच. मोकळ्या रस्त्यावर तोच तास याच्या दुपटीहून अधिक देतो. कोंडीच्या दिशेचे भाडे चालक नाकारतात, त्याचे बरेचसे कारण या गणितात आहे. नाकारणे त्यामुळे समर्थनीय होत नाही, पण दंड वाढवून ते थांबेल असे मानणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहायला हवा.

मीटर नसलेल्या सेवेने पहिली दहा-पंधरा मिनिटे मोफत ठेवून पुढे अर्ध्या तासाच्या टप्प्याने आकारणी करणे सोयीचे असते. घड्याळ कधी सुरू होते, हे मात्र लिहून ठेवावे लागते. ठरलेल्या वेळेपासून, की गाडी दाराशी आल्यापासून? ठरलेल्या वेळेआधी आलेल्या चालकाची प्रतीक्षा प्रवाशाच्या माथी येऊ नये.

रात्रीचा आकार : मुंबईत रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत दिवसाच्या भाड्यावर २५ टक्के अधिक. किमान भाडे ३१ चे ३९ रुपये होते. अधिकृत दरपत्रकात दिवस आणि रात्र असे दोन रकाने असतात. वर दिलेली १७१ रुपयांची फेरी रात्री २१४ रुपयांची होते. गावोगावच्या मीटरविना सेवांत ‘रात्र’ दहा किंवा अकरालाच सुरू होते आणि ‘हाफ रिटर्न’ या नावाने दीडपट मागण्याचा प्रघातही आढळतो.

२५ टक्के पुरतात का, हे उदाहरणातल्या गाडीवरून तपासता येते. दिवसा भाड्याच्या दर किलोमीटरमागे अर्धा किलोमीटर रिकामी धाव आहे. रात्री परतीचा प्रवासी जवळजवळ मिळत नाही, म्हणून ती एक किलोमीटर धरावी. धावता खर्च १२ रुपयांवरून १६ वर जातो, चार रुपयांनी वाढतो. २९ रुपयांवरील २५ टक्के म्हणजे ७.२५ रुपये. चार वजा जाता किलोमीटरला सव्वातीन रुपये उरतात. वीस किलोमीटरच्या रात्रीच्या फेरीत चालकाच्या जागरणाचा मोबदला ६५ रुपये पडतो. शहरात, जिथे रात्रीही प्रवासी मिळतात, २५ टक्के पुरेसे आहेत. गावात ते कमी आहेत, पण दीडपटीचे समर्थन फक्त लांबच्या एकेरी फेरीलाच करता येते.

मध्यरात्रीच्या आधी सुरू होऊन नंतर संपणाऱ्या फेरीबाबत प्रघात एकसारखा नाही. चढण्याची वेळ धरणे हिशेबाला सर्वांत सोपे आणि वादाला सर्वांत कमी जागा देणारे आहे.

मीटर आणि त्यातील दोष : यांत्रिक मीटरवर चालू भाडे थेट दिसत नसे. वाचन दरपत्रकात शोधून भाडे काढावे लागे. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर रुपये थेट दिसू लागले. दर बदलला की मीटरचे कॅलिब्रेशन करून तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी मुदत दिली जाते आणि तोवर अधिकृत दरपत्रक चालते. या काळात जुन्या दराचा मीटर आणि नवे पत्रक यांत गल्लत होते. प्रवाशाने पत्रक मागून पाहावे.

मीटर चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजतो. मूळ मापापेक्षा लहान टायर बसवला, तो झिजला किंवा त्यात हवा कमी असली तर त्याच अंतरात फेऱ्या जास्त होतात आणि मीटर थोडा पुढे धावतो. हा फरक काही टक्क्यांचा असतो. भाडे नेहमीच्या दीडपट येत असेल तर कारण टायर नव्हे, मीटरमधील छेडछाड. ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे माहीत असलेल्या, कोंडी नसलेल्या रस्त्यावर मीटरचे अंतर पडताळणे. केवळ रकमेवरून निष्कर्ष काढू नये, कारण तिच्यात प्रतीक्षा मिसळलेली असते.

सामान : नगामागे अल्प आकार, दरपत्रकात नमूद.

शेअर टॅक्सी : ठरावीक मार्गावर माणशी भाडे, प्रतीक्षाभाडे नाही.

गोवा : मीटर सक्तीचा प्रश्न दीर्घकाळ न्यायालयात राहिला, मीटर बसवल्यानंतरही ठरवून भाडे घेण्याचा प्रघात टिकून आहे.

तक्रार : परवानाधारक टॅक्सीने भाडे नाकारणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७८ खाली गुन्हा आहे. जादा आकारणीची किंवा सदोष मीटरची तक्रार प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे करता येते. तीत गाडीचा क्रमांक, वेळ, चढण्या-उतरण्याची ठिकाणे आणि मीटरवरील अंतर व रक्कम दोन्ही द्यावीत.