एक महिना कमी

स्पेनच्या टेनेरिफ बेटासारख्या ठिकाणी विकल्या जाणाऱ्या हॉलिडे क्लबच्या कित्येक करारांवर एकेकाळी मुदत असायची ३५ महिने. सरळ तीन वर्षं का नाहीत? आजच्या हॉलिडे क्लबचं कूळ या कमी केलेल्या एका महिन्यात सापडतं.

मूळ कल्पना वाईट नव्हती. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये आणि फ्रान्सच्या आल्प्समध्ये ती रुजली. सुट्टीसाठी घेतलेलं घर वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतं. मग अनेक कुटुंबांनी मिळून ते घ्यावं आणि आठवडे वाटून घ्यावेत. आपल्याकडे सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असतात, तशी ही घराची पाळी. तिला टाइमशेअर म्हणू लागले. १९७४मध्ये अमेरिकेत आरसीआय निघाली आणि आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावचा घेण्याची सोय झाली.

पुढे स्पेनच्या किनाऱ्यांवर विक्रीची एक रीत बसली. ब्रिटनहून आलेल्या जोडप्याला रस्त्यात गाठून हातात स्क्रॅच कार्ड द्यायचं. बक्षीस लागायचंच, पण ते घ्यायला रिसॉर्टवर जावं लागे. तिथे काही तास माहिती ऐकवायची, सवलत फक्त आजच आहे म्हणून सांगायचं आणि तिथल्या तिथे सही घेऊन क्रेडिट कार्डवर आगाऊ रक्कम उचलायची. दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर येई, तोवर पैसे गेलेले असत.

यावर १९९४मध्ये युरोपीय संघाने नियम केला. सही केल्यावर किमान दहा दिवस ग्राहकाला कारण न देता माघार घेता येईल आणि तेवढ्या काळात त्याच्याकडून एक पैसाही घेता येणार नाही. मात्र टाइमशेअर कशाला म्हणायचं, हेही नियमात लिहिलं होतं: किमान तीन वर्षांचा करार, वर्षाला किमान एक आठवडा, आणि हक्क इमारतीतल्या जागेवर.

विक्रेत्यांनी ही व्याख्या नीट वाचली. तीन वर्षांचे ३५ महिने केले. घराचा हक्क काढून टाकला आणि त्याजागी सवलतीत बुकिंग करून देणाऱ्या क्लबची मेम्बरशिप ठेवली. आता हा टाइमशेअर नव्हताच. त्यामुळे दहा दिवसांची माघार नाही आणि आगाऊ रक्कम पुन्हा टेबलावरच घेता येऊ लागली. ‘रद्द करता येणार नाही’ ही अट अशी जपली गेली.

याच कुळाची दुसरी शाखा म्हणजे रीसेल. जुन्या टाइमशेअरधारकाचं वय झालेलं असतं, प्रवास थांबलेला असतो, पण मेंटेनन्सचं बिल दरवर्षी येतं. अशा वेळी फोन येतो. बोलणाऱ्याला रिसॉर्टचं नाव, आठवड्याचा क्रमांक, सगळं ठाऊक असतं. समजा तो सांगतो, “गिऱ्हाईक १०,००० पौंडांना तयार आहे, फक्त नोंदणीचे ९०० आधी भरा.” ते भरले की कर निघतो, मग नोटरी निघतो, गिऱ्हाईक मात्र कधीच दिसत नाही. कधी विक्रीच्या नावाखाली ऑफिसात बोलावून सांगतात की जुना आठवडा आम्ही घेतो, पण बदल्यात आमच्या क्लबची मेम्बरशिप घ्यावी लागेल. विकायला गेलेला माणूस विकत घेऊन परततो.

२००९च्या नव्या युरोपीय नियमाने दोन्ही शाखांना हात घातला. एक वर्षाहून जास्त मुदतीचे सवलतीचे क्लबही त्यात आले, माघारीची मुदत १४ दिवस झाली आणि रीसेलमध्ये विक्री प्रत्यक्ष होईपर्यंत दलालाने पैसे घेणं बंद झालं. पण फोन सीमा मानत नाही. मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या नावाने झालेल्या फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकनांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याची नोंद आहे. त्यामागे तिथल्या गुन्हेगारी टोळ्या होत्या. बुडालेले पैसे मिळवून देतो म्हणून त्याच लोकांना पुन्हा फोन गेले आणि त्यासाठीही आधी फी मागितली गेली.

पुण्या-मुंबईच्या मॉलमधलं लकी ड्रॉचं कूपन आणि ‘दोघांनी मिळूनच या’ असं बजावणारा फोन याच घराण्यातले आहेत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पण पैसे गेल्यावर. म्हणून करार घरी नेऊन वाचायला मागावा. माघारीची मुदत त्यात छापलेली नसेल, तर ती तोंडी आश्वासनाने मिळत नाही. आणि जुनी मेम्बरशिप विकून देतो म्हणणाऱ्याला सांगावं, “तुमची फी विक्रीच्या रकमेतून कापून घ्या.” गिऱ्हाईक खरं असेल, तर दलालाला हे सहज जमेल.